‘इन्फर्मेशन’ला अनेकवचन नाहीच

वाचकाचे पत्र:

“मी एका निर्यात कंपनीच्या डिस्पॅच विभागात काम करते. शिक्षण मराठी माध्यमात झाले, इंग्रजी पाचवीपासून. मागच्या महिन्यात परदेशातल्या ग्राहकाला मी लिहिलेल्या मेलमधली चार वाक्ये साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवली: ‘थँक यू फॉर युअर ॲडव्हाइसेस. वी रिसीव्ह्ड मेनी इन्फर्मेशन्स फ्रॉम द ट्रान्सपोर्टर अँड दे आर बीइंग चेक्ड. टू इक्विपमेंट्स आर पेंडिंग. देअर आर सम डॅमेजेस टू द कार्टन्स.’ तेव्हापासून अशा शब्दांना मी ‘एस’ लावतच नाही. पण परवा मुलीने ‘दीज इन्फर्मेशन आर’ हेही चूक आहे असे सांगितले. आता मेल लिहिताना हात थांबतो. आपण मराठीत विचार करून भाषांतर करतो म्हणून असे होते का? मराठीत विचार करणे थांबवायचे कसे? अशा सगळ्या शब्दांची यादी दिलीत तर मी ती पाठ करीन.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने दाखवलेल्या चुकीपासून सुरुवात करते, कारण साहेबांनी वाचून दाखवलेल्या चुकांपेक्षा ती अधिक काही सांगते. ‘एस’ काढल्यावर वाक्य सुधारायला हवे होते, पण ते सुधारले नाही. म्हणजे चूक मुळात ‘एस’मध्ये नव्हती. ती आधीच, ‘दीज’ हा शब्द लिहिला तेव्हाच झाली होती, आणि ‘एस’ हे तिचे वर दिसणारे टोक होते.

आपल्याकडे या शब्दांविषयी वर्गात एक वाक्य हमखास सांगितले जाते: ‘इन्फर्मेशनचे अनेकवचन इन्फर्मेशनच होते.’ मी बरीच वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले आणि पहिली काही वर्षे हे वाक्य मीही फळ्यावर लिहीत असे. मुले ‘इन्फर्मेशन्स’ लिहायची थांबत आणि ‘दीज इन्फर्मेशन आर’ लिहू लागत, तेव्हा दोष मुलांचा नसून त्या वाक्याचा आहे हे माझ्या लक्षात आले. ‘अनेकवचन तेच राहते’ हे ‘शीप’ या शब्दाबद्दल खरे आहे. एक मेंढी असेल तर ‘वन शीप’, दहा असतील तर ‘टेन शीप’, आणि समोर कळप असेल तर ‘दीज शीप आर’. शीपला अनेकवचन आहे, फक्त ते दिसत नाही. इन्फर्मेशनला अनेकवचन नाहीच. तो शब्द कायम एकवचनी आहे, मग कागद एक असो वा शंभर.

हा फरक मराठी माणसाच्या चटकन लक्षात येत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या भाषेत असंख्य नामे शीपसारखीच वागतात. एक हात, दोन हात. एक दगड, दहा दगड. एक सूचना, अनेक सूचना. शब्द बदलत नाही आणि अनेकवचन कळते ते क्रियापदावरून: ‘दगड पडला’, ‘दगड पडले’. त्यामुळे ‘शब्द तोच, पण अर्थ अनेकांचा’ ही कल्पना आपल्याला इतकी सवयीची आहे की इन्फर्मेशन हा शब्दही आपण नकळत दगडाच्या रांगेत नेऊन बसवतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. हे मराठीमुळे होते असे तुम्ही गृहीत धरले आहे. इन्फर्मेशनला मराठीत माहिती म्हणतात. माहितीचे अनेकवचन करून पाहा. ‘माहित्या’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘या माहिती आल्या आहेत’ असेही कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘खूप माहिती मिळाली, ती तपासते आहे.’ ‘खूप’ म्हटले तरी क्रियापद एकवचनी, सर्वनाम ‘ती’. इंग्रजीतला इन्फर्मेशन हा शब्द अगदी असाच वागतो. तुम्ही मराठीतून शब्दशः भाषांतर केले असते, तर ‘मेनी इन्फर्मेशन्स अँड दे आर’ असे कधीच लिहिले नसते! ही चूक मराठीने घडवलेली नाही. ‘इंग्रजीत अनेकवचन करायचे तर शेवटी एस लावायचा’ हा पाचवीतला नियम जिथे लागू नाही तिथेही लावल्यामुळे ती घडली आहे, असे माझे मत आहे. आणि ती एकट्या मराठी माणसाची चूकही नव्हे. फ्रेंचमध्ये याच शब्दाचे अनेकवचन रीतसर होते, म्हणून फ्रेंच माणूसही इंग्रजी लिहिताना इथेच अडखळतो.

‘ॲडव्हाइस’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. सल्ल्याचे सल्ले होतात, बातमीच्या बातम्या, पुराव्याचे पुरावे, कामाची कामे, दागिन्याचे दागिने. इथे मराठी अनेकवचन आपल्याला ‘एस’कडे ढकलते, हे खरे. परंतु इथेही मराठी सोडून देण्याची गरज नाही, कारण याच शब्दांचे एकवचनही आपण मोठ्या अर्थाने रोज वापरतो. वकिलाकडे तासभर बसून दहा गोष्टी विचारून आल्यावरही आपण ‘वकिलांचा सल्ला घेतला’ असेच म्हणतो. ‘आज खूप काम आहे’ म्हणताना पंधरा कामे डोळ्यांसमोर असतात. ‘त्यांच्याकडची काही बातमी?’, ‘पुरेसा पुरावा नाही’, ‘त्याने बराच पैसा मिळवला’ ही सगळी वाक्ये एकवचनी आहेत आणि अस्सल मराठी आहेत. म्हणून माझा सल्ला तुमच्या अपेक्षेच्या उलट आहे. मराठीत विचार करणे थांबवू नका, उलट अर्धी पायरी अधिक थांबा. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातले मराठी वाक्य एकवचनी करून घ्या. ‘तुमच्या सल्ल्यांबद्दल आभार’ ऐवजी ‘तुमच्या सल्ल्याबद्दल आभार’. ‘दोन उपकरणे’ ऐवजी ‘साधनसामग्री’, कारण सामग्रीलाही माहितीप्रमाणेच अनेकवचन नाही. ‘बॅगा’ ऐवजी ‘सामान’. एवढे केले की इंग्रजी शब्द आपोआप नीट बसतो.

यादीबद्दल मला थोडी शंका आहे. यादी चुकीची नाही, पण ती पाठ करणाऱ्याला शब्द आठवतो आणि वाक्य आठवत नाही. शिवाय यादीबरोबर जो नियम दिला जातो, ‘मोजता येते ते गणनीय, येत नाही ते अगणनीय’, तो पहिल्याच परीक्षेत नापास होतो. खुर्च्या मोजता येतात, टेबले मोजता येतात, मग फर्निचर का मोजता येऊ नये? उत्तर वस्तूत नाही, भाषेच्या रिवाजात आहे. इंग्रजीत गहू म्हणजे ‘व्हीट’ एकवचनी आणि ओट म्हणजे ‘ओट्स’ अनेकवचनी. दोन्ही धान्यांचे दाणे सारखेच मोजता येण्याजोगे, पण रिवाज निराळा. आपलेही तसेच आहे. तांदूळ ‘निवडले’, पण भात ‘झाला’. दाणे तेच, कुकरमध्ये गेले की वचन बदलले. पोहे तर शिजल्यावरही अनेकवचनीच राहतात. इंग्रजीने कच्च्या आणि शिजलेल्या दोन्ही तांदळांना ‘राइस’ या एकवचनी शब्दात घातले, इतकेच.

मग मोजायचे असेल तेव्हा काय करायचे? तेही मराठीला नवीन नाही. एस.टी.च्या टपावर सामान चढवणारा हमाल ‘किती सामाने आहेत?’ असे विचारत नसे. तो विचारी, ‘किती डाग?’ आणि आजी ट्रंक, वळकटी, धान्याची पिशवी यांवरून बोट फिरवून म्हणे, ‘पाच डाग.’ सामान हा शब्द मोजायचा नाही, त्याचा डाग मोजायचा. सोन्याच्या एका दागिन्यालाही आपण ‘डाग’ म्हणतो. दुकानात आपण साबणाच्या दोन वड्या मागतो, कापडाचा एक तागा, गुळाची ढेप, कागदाचे चार ताव. इंग्रजीतले ‘पीस ऑफ’, ‘आयटम ऑफ’, ‘बार ऑफ’ हे शब्द म्हणजे याच डाग, नग आणि वड्या आहेत. पाच डाग सामान, ‘फाइव्ह पीसेस ऑफ लगेज’. साबणाच्या दोन वड्या, ‘टू बार्स ऑफ सोप’. अनेकवचनाचा ‘एस’ पीसला किंवा बारला लागतो, आणि मागचा शब्द जसाच्या तसा राहतो. खडूच्या बाबतीत मात्र आपली सवय आड येते, कारण मराठीत खडू सरळ मोजतात. त्यामुळे ‘टू चॉक्स’ हे आपल्या शाळांत जागोजागी ऐकू येते. तिथे ‘टू पीसेस ऑफ चॉक’ हवे.

पण एक सावधगिरी. दर वाक्यात ‘पीसेस ऑफ’ आणले की लेखन जड होते. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस बहुतेक वेळा दुसरी वाट धरतो: मोजता येणारा शेजारचा शब्द वापरतो. इन्फर्मेशनशेजारी ‘डीटेल्स’ आहे, ॲडव्हाइसशेजारी ‘सजेशन्स’, फीडबॅकशेजारी ‘कॉमेंट्स’, वर्कशेजारी ‘टास्क्स’, सॉफ्टवेअरशेजारी ‘प्रोग्रॅम्स’. इक्विपमेंटच्या बाबतीत तर त्या वस्तूचे खरे नाव लिहिणे सर्वांत चांगले. पंप असेल तर पंप, मापनयंत्र असेल तर मापनयंत्र. वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

आता तुमचा मेल समोर ठेवू. पहिले वाक्य सोपे आहे: ‘थँक यू फॉर युअर ॲडव्हाइस.’ इथे एस गेला की काम झाले, कारण वाक्यातला दुसरा कोणताही शब्द या नामाच्या वचनावर अवलंबून नाही. दुसऱ्या वाक्यात तसे नाही. तिथे फक्त एस काढला तर ‘मेनी इन्फर्मेशन अँड दे आर’ उरते, आणि तीन ठिकाणांपैकी दोन ठिकाणी चूक कायम राहते. ‘मेनी’ हा शब्द पुढे अनेकवचन मागतो, ‘दे’ आणि ‘आर’ मागच्या अनेकवचनाकडे बोट दाखवतात. म्हणून तिन्ही एकदम बदलायला हवेत: ‘वी रिसीव्ह्ड अ लॉट ऑफ इन्फर्मेशन फ्रॉम द ट्रान्सपोर्टर, अँड इट इज बीइंग चेक्ड.’ किंवा शेजारचा शब्द घेऊन: ‘वी रिसीव्ह्ड मेनी डीटेल्स फ्रॉम द ट्रान्सपोर्टर, अँड दे आर बीइंग चेक्ड.’ दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या रचनेत तुमचे मूळ वाक्य जवळजवळ तसेच राहिले, फक्त एक नाम बदलले, हे लक्षात घ्या. घाईच्या वेळी ही वाट अधिक सोयीची.

तिसऱ्या वाक्यात ‘टू इक्विपमेंट्स’च्या जागी यंत्राचे नाव लिहा, ‘टू पंप्स आर पेंडिंग’. दोन वेगवेगळ्या वस्तू असून नावे द्यायची नसतील तरच ‘टू पीसेस ऑफ इक्विपमेंट’.

चौथे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पहिल्या तिन्हींत व्याकरण चुकले तरी अर्थ पोहोचतो. इथे अर्थच घसरू शकतो. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, आणि ते एकवचनीच राहते. ‘डॅमेजेस’ हा वेगळा शब्द आहे आणि त्याचा कायद्यातला अर्थ नुकसानभरपाईची रक्कम असा आहे. निर्यातीच्या पत्रव्यवहारात, जिथे विमा आणि दावे यांचा संबंध येतो, तिथे हा घोळ परवडत नाही. खोकी फाटली असतील तर ‘देअर इज सम डॅमेज टू द कार्टन्स’ लिहा, आणि किती खोकी तेही लिहा: ‘सिक्स कार्टन्स आर डॅमेज्ड.’ हे दुसरे वाक्य तर नामाचा प्रश्नच बाजूला ठेवते.

सरावासाठी मी चार गोष्टी सुचवते. त्या एकाच दिवशी करू नका. प्रत्येकीला चार-पाच दिवस द्या, रोज दहा मिनिटे.

पहिला सराव मराठीतच करायचा आहे. अनेकवचनी वाक्य घ्या आणि अर्थ न बिघडवता एकवचनी करा, मग इंग्रजीत लिहा. ‘आमच्याकडे पुरेसे पुरावे नाहीत’ हे ‘पुरेसा पुरावा नाही’ झाले की इंग्रजी सरळ येते: ‘वी डू नॉट हॅव इनफ एव्हिडन्स.’ ‘या सगळ्या बातम्या खऱ्या आहेत का?’ हे ‘ही सगळी बातमी खरी आहे का?’ असे केले की ‘इज ऑल धिस न्यूज ट्रू?’ न्यूजच्या शेवटी ‘एस’ असल्याने तो अनेकवचनी वाटतो, पण तो एकवचनीच आहे. ‘आज मला फार कामे आहेत’ याचे ‘फार काम आहे’, म्हणून ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे.’ ‘ती सगळे दागिने बँकेत ठेवते’ याचे ‘सगळे जडजवाहीर’, म्हणून ‘शी कीप्स ऑल हर जूलरी इन द बँक.’ हे झाल्यावर तुमच्या रोजच्या कामातली सहा वाक्ये स्वतः शोधा. माझ्या वाक्यांपेक्षा ती अधिक काळ टिकतील.

दुसरा सराव मोठ्याने बोलायचा आहे, कारण ही चूक कानाने पकडली तर हात आपोआप सुधारतो. दोन साखळ्या पाठ करा. एक: ‘धिस, मच, इज, इट’. दुसरी: ‘दीज, मेनी, आर, देम’. पहिली साखळी माहितीची, दुसरी डीटेल्सची. मग एकच गोष्ट दोन्ही साखळ्यांत सांगा: ‘धिस इन्फर्मेशन इज यूसफुल; सेंड इट टुडे.’ लगेच, ‘दीज डीटेल्स आर यूसफुल, सेंड देम टुडे.’ नंतर नाम बदला: ‘धिस ॲडव्हाइस इज गुड, आय विल फॉलो इट.’ ‘दीज सजेशन्स आर गुड, आय विल फॉलो देम.’ साखळीतली एक कडी दुसऱ्या साखळीत गेली की वाक्य कानाला खुपू लागते, आणि ते खुपणे हेच आपल्याला हवे आहे. हा सराव मुलीबरोबर करता आला तर फार चांगले. तिने नाम सांगावे आणि तुम्ही वाक्य पुरे करावे, मग उलट.

तिसरा सराव जिथे मराठी खरोखरच मदत करत नाही अशा शब्दांचा आहे. असे शब्द थोडे आहेत, म्हणून हेच तेवढे पाठ करावे. केस, तांदूळ आणि नाण्या-नोटांच्या अर्थाने पैसे, हे मराठीत सहज अनेकवचनी येतात आणि इंग्रजीत एकवचनी असतात. इथे चूक एसमध्ये दिसत नाही, क्रियापदात दिसते: ‘हर हेअर आर लाँग’, ‘द मनी आर इन द कपबर्ड’. म्हणून पूर्ण वाक्येच लक्षात ठेवा. ‘तिचे केस पिकले आहेत’ म्हणजे ‘हर हेअर हॅज टर्न्ड ग्रे.’ ‘पैसे कपाटात आहेत, ते आण’ म्हणजे ‘द मनी इज इन द कपबर्ड, ब्रिंग इट.’ ‘तांदूळ निवडून झाले, आता ते धू’ म्हणजे ‘द राइस हॅज बीन सॉर्टेड; नाउ वॉश इट.’ केसाला एक अपवाद आहे. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, पण आमटीत दोन केस निघाले तर तिथे ‘टू हेअर्स’ बरोबर, कारण तिथे सुटे केस मोजले आहेत. याच वर्गात मराठीतली एक लकब येते. आपण बोलताना ‘तुम्हाला एक माहिती द्यायची होती’ असे म्हणतो, आणि त्यातला ‘एक’ इंग्रजीत ‘ॲन इन्फर्मेशन’ होऊन उतरतो. तो ‘एक’ गाळा किंवा ‘सम इन्फर्मेशन’ लिहा.

चौथा सराव तुमच्या स्वतःच्या मेलपेटीतला आहे. पाठवलेल्या मेलमध्ये हे शब्द एकेक करून शोधा. जीमेलच्या शोधपट्टीत असे लिहिता येते:

```
in:sent "informations"
in:sent "advices"
in:sent "damages"
```

सापडलेल्या प्रत्येक वाक्यात चार जागा तपासा: नामाच्या आधीचा शब्द, स्वतः नाम, क्रियापद, आणि पुढच्या वाक्यातले सर्वनाम. शेवटच्या जागेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पहिले वाक्य सुधारलेले असते आणि पुढच्याच ओळीत ‘प्लीज चेक देम’ येते. संगणकाला शब्द आपोआप बदलायला सांगण्याचा मोह होईल, पण तो टाळा, कारण यंत्र ‘इन्फर्मेशन्स’चे ‘इन्फर्मेशन’ करील आणि आधीचे ‘मेनी’ तसेच ठेवील. म्हणजे पुन्हा तुमच्या मुलीने दाखवलेली चूकच.

काही ठिकाणी ‘एस’ बरोबर असतो, तिथे घाबरून तो काढू नका. बँकेकडून येणाऱ्या जमा-नावेच्या लेखी सूचनेला ‘ॲडव्हाइस’ म्हणतात आणि त्या अर्थाने ‘ॲडव्हाइसेस’ हे अनेकवचन चालते. ‘टू पेमेंट ॲडव्हाइसेस’ असे तुमच्या लेखा विभागाने लिहिले तर ते दुरुस्त करायला जाऊ नका. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इंग्रजी नावातले ‘वर्क्स’ही योग्यच आहे. आणि सल्ला देण्याचे क्रियापद वेगळे आहे. त्याचा उच्चार ‘ॲडव्हाइझ’, स्पेलिंगमध्ये ‘सी’ ऐवजी ‘एस’. ‘ही ॲडव्हाइझेस अस’ यातला शेवटचा एस तृतीय पुरुषी एकवचनाचा आहे आणि तो हवाच. नाम आणि क्रियापद यांचा उच्चार आपण बहुधा एकच करतो, म्हणून कानाला ‘ॲडव्हाइसेस’ ओळखीचे वाटते. हा उच्चारातला फरक जाणून बुजून केलात तर लिहितानाही मदत होईल.

नवा शब्द समोर आला आणि खात्री वाटली नाही, तर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी शब्दकोश उघडा. त्यात नामापुढे `U` किंवा `C` अशी खूण असते. `U` असेल तर तो शब्द माहितीसारखा चालवायचा, `C` असेल तर सूचनेसारखा मोजायचा. काही शब्दांपुढे दोन्ही खुणा दिसतील. ‘एक्स्पीरियन्स’ हा शब्द कामाचा अनुभव या अर्थाने `U` आहे, म्हणून ‘टेन यीअर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. प्रवासात आलेले निरनिराळे अनुभव या अर्थाने तो `C` आहे, आणि तिथे ‘एक्स्पीरियन्सेस’ योग्य.

बैठकीत सगळ्यांसमोर वाक्ये वाचली जाणे तुम्हाला लागले, हे पत्रातून जाणवते. तशी दुरुस्ती एकांतात सांगायला हवी होती. पण त्याचा परिणाम म्हणून ऑफिसात बोलताना स्वतःला दर शब्दाला अडवू नका. बोलताना ‘इन्फर्मेशन्स’ निसटले तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, आणि अडखळत बोललेले वाक्य अधिक त्रासदायक ठरते. तपासणी लिहिलेल्या मजकुरापुरती ठेवा, तीही पूर्ण मेल लिहून झाल्यावर. लिहिताना मध्येच थांबलात तर मजकुराचा धागा तुटतो, आणि खोकी किती, कोणत्या ट्रकमधली, हेच सांगायचे राहून जाते.

सुरुवात त्याच ग्राहकाच्या पुढच्या मेलपासून करा. फाटलेल्या खोक्यांचे काय झाले ते त्यांना कळवायचे असेलच. ‘द डॅमेज इज मायनर, वी हॅव रीपॅक्ड ऑल सिक्स कार्टन्स’ या एका वाक्यात एकवचनी ‘डॅमेज’ही आहे आणि मोजलेली खोकीही.